धातू आणि अर्धवाहक: कुठला संपर्क डायोड होतो, कुठला नुसती तार, आणि का?

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत शिकणाऱ्यांकडून आणि सर्किट जुळवणाऱ्या हौशी मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांसाठी एकच उदाहरण घेतलं आहे: सिलिकॉनवर बसवलेलं अॅल्युमिनिअम. ही जोडी निवडण्याचं कारण असं की तोच धातू त्याच सिलिकॉनवर एका जागी डायोड बनतो आणि दुसऱ्या जागी साधा जोड. आकडे खोलीच्या तापमानाचे, म्हणजे ३०० केल्व्हिनचे आहेत.

१. धातू आणि अर्धवाहक एकमेकांना टेकवले की नेमकं काय होतं?

एन-प्रकारच्या सिलिकॉनमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन असतात. त्यावर धातूचा थर बसवला की, सर्वसाधारणपणे, सिलिकॉनमधले काही इलेक्ट्रॉन धातूत जातात, कारण तिथे त्यांना कमी ऊर्जेची जागा मिळते. दोन्हीकडची फर्मी पातळी सारखी झाली की हे जाणं थांबतं. पण तोवर सीमेलगतच्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन उरलेले नसतात. मागे राहतात ते फॉस्फरससारख्या डोपिंगच्या अणूंचे जागचे न हलणारे धन प्रभार. या रिकाम्या पट्ट्याला डिप्लेशन थर म्हणतात. त्यातल्या विद्युतक्षेत्रामुळे सिलिकॉनचा ऊर्जापट्टा सीमेकडे वर वाकतो आणि इलेक्ट्रॉनच्या वाटेत एक चढ तयार होतो.

आपल्या उदाहरणात घनसेंटिमीटरमागे १०¹⁶ डोपिंग अणू धरले, तर या थराची जाडी साधारण पाव मायक्रॉन येते. हा आकडा लक्षात ठेवा, प्रश्न ५ मध्ये लागेल.

२. ‘बॅरिअरची उंची’ म्हणजे कुठून कुठपर्यंतची उंची?

धातूच्या फर्मी पातळीपासून, सीमेवर असलेल्या सिलिकॉनच्या कंडक्शन पट्ट्याच्या तळापर्यंत. म्हणजे धातूच्या बाजूने पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनला जेवढा चढ चढावा लागतो तेवढी. अॅल्युमिनिअम आणि एन-सिलिकॉनच्या जोडीत ती सुमारे ०.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट मोजली जाते.

सिलिकॉनच्या आतून येणाऱ्या इलेक्ट्रॉनला दिसणारा चढ वेगळा, आणि थोडा कमी असतो. कारण सिलिकॉनच्या आत कंडक्शन पट्ट्याचा तळ मुळातच फर्मी पातळीच्या वर असतो. १०¹⁶ डोपिंगला हा फरक सुमारे ०.२ भरतो, म्हणून आतून दिसणारा चढ सुमारे ०.५ व्होल्टचा. परीक्षेत या दोन उंचींची गल्लत हमखास होते. ती टाळली तर पुढचा प्रश्न सोपा जातो.

३. मग प्रवाह एकाच दिशेने का जातो? चढ तर दोन्हीकडून आहे.

हो, चढ दोन्हीकडून आहे. पण बाहेरून दिलेल्या व्होल्टेजने त्यातला एकच बदलतो.

धातूला धन टोक जोडलं की सिलिकॉनच्या आतली पातळी वर उचलली जाते. आतून दिसणारा चढ तेवढ्याने कमी होतो, त्यामुळे तो ओलांडू शकणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या घातांकी वेगाने वाढते: दर ६० मिलिव्होल्टला दसपट. धातूच्या बाजूचा ०.७ चा चढ मात्र तसाच राहतो. तो सीमेवरच ठरलेला असतो आणि व्होल्टेज सगळं डिप्लेशन थरात, म्हणजे सिलिकॉनच्या आत पडतं.

आता टोकं उलटी करा. आतून येणाऱ्यांचा चढ वाढतो आणि तो प्रवाह जवळपास बंद होतो. धातूकडून येणारा प्रवाह पूर्वीइतकाच, कारण त्याच्या चढाला कुणी हात लावलेला नाही. तोच उलट दिशेचा गळती प्रवाह. सूत्र असं:

```
J  = J0 · [exp(qV/kT) − 1]
J0 = A* · T² · exp(−φB/kT)
```

एन-सिलिकॉनसाठी `A*` सुमारे ११२ अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर प्रति केल्व्हिन वर्ग. `φB` ०.७ धरला तर `J0` येतो सुमारे १.७ × १०⁻⁵ अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर. उंची ०.८ केली की तोच जवळपास पन्नास पटींनी कमी होतो, आणि ०.५ केली की दोन हजार पटींहून जास्त वाढतो. उंची घातांकात बसलेली असल्यामुळे तिच्यातला ०.१ चा फरकही सर्किटमध्ये ढळढळीत दिसतो.

४. बॅरिअरची उंची धातूच्या वर्क फंक्शनवरून काढता येते ना?

कागदावर येते. शॉटकी आणि मॉट यांच्या १९३८-३९ च्या सुमाराच्या कामातून आलेला नियम असा:

```
φB = φm − χ
```

धातूचं वर्क फंक्शन वजा अर्धवाहकाची इलेक्ट्रॉन ओढ. सिलिकॉनसाठी `χ` आहे ४.०५. आता पडताळून पाहू. सोन्याचं वर्क फंक्शन ५.१, म्हणजे उंची १.०५ यायला हवी. मोजल्यावर मिळते सुमारे ०.८. टायटॅनिअमचं ४.३३, म्हणजे ०.२८ हवी, मिळते ०.५. अॅल्युमिनिअमचं टायटॅनिअमपेक्षा किंचित कमीच, ४.२८. नियमाप्रमाणे उंची ०.२३ हवी, आणि मिळते ०.७, म्हणजे टायटॅनिअमपेक्षाही जास्त! नुसत्या चुकीच्या आकड्यावर भागलेलं नाही, क्रमसुद्धा उलटला आहे.

याचं कारण सीमेवर आहे. सिलिकॉनचा स्फटिक जिथे संपतो तिथे अर्धवट बंध उरतात. शिवाय धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या तरंगांची शेपटं काही अँगस्ट्रॉमपर्यंत सिलिकॉनमध्ये शिरतात. या दोन्हींमुळे एरवी रिकाम्या असणाऱ्या ऊर्जाफटीत नव्या पातळ्या तयार होतात, आणि त्यांच्यात प्रभार साठतो. धातू बदलला की होणारा बदल हा साठा बराचसा गिळून टाकतो आणि फर्मी पातळी फटीतल्या एका ठराविक जागेच्या आसपास अडकून बसते. याला पिनिंग म्हणतात. पृष्ठभागावरच्या अशा पातळ्यांचा हा खुलासा बार्डीन यांनी १९४७ मध्ये मांडला.

शॉटकी-मॉट नियम पहिल्या तासाला शिकवायला ठीक आहे, पण त्यावरून धातू निवडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एन-सिलिकॉनवर नेहमीच्या धातूंनी आणि त्यांच्या सिलिसाइडांनी मिळणारी उंची साधारण ०.५ ते ०.९ या पट्ट्यातच राहते. ती मोजलेल्या कोष्टकातून घ्यावी.

५. पिनिंगमुळे बॅरिअर काढून टाकता येत नसेल, तर ओहमिक संपर्क बनतो कसा?

सगळ्या पानावरचा कळीचा प्रश्न हाच. पुस्तकातली आकृती सांगते की वर्क फंक्शन पुरेसं कमी असलेला धातू घ्या, बॅरिअर नाहीसा होईल आणि संपर्क ओहमिक होईल. सिलिकॉनच्या कारखान्यात असं सहसा होत नाही. तिथे बॅरिअरची उंची जवळपास तशीच ठेवून त्याची जाडी कमी करतात.

डिप्लेशन थराची जाडी डोपिंगच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. १०¹⁶ ला ती २५० नॅनोमीटर होती. धातूखालच्या पातळ थरात डोपिंग १०²⁰ केलं की ती सुमारे ३ नॅनोमीटरवर येते. चढ अजूनही ०.७ चाच आहे, पण आता तो एखाद्या उंच आणि कागदाइतक्या पातळ पडद्यासारखा आहे. इलेक्ट्रॉनला तो चढून जायची गरजच उरत नाही. तो टनेलिंगने आरपार जातो, आणि दोन्ही दिशांनी सारख्याच सहजतेने.

फरक किती पडतो ते पाहा. शून्य व्होल्टेजजवळ संपर्काचा प्रति-क्षेत्र रोध `(kT/q)/J0` इतका असतो. प्रश्न ३ मधला `J0` घेतला तर तो सुमारे दीड हजार ओहम चौरस सेंटिमीटर भरतो. १०²⁰ डोपिंगच्या चांगल्या संपर्कात तोच १०⁻⁶ ओहम चौरस सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. धातू तोच, बॅरिअरही जवळपास तोच, आणि रोधात अब्जपटीचा फरक.

संक्रमण एकदम होत नाही. साधारण १०¹⁷ पर्यंत इलेक्ट्रॉन वरून चढून जातात, १०¹⁹ च्या पुढे मुख्यतः टनेलिंग असतं, आणि मधल्या पट्ट्यात थोडे चढून उरलेला भाग भेदून जातात. या मधल्या पट्ट्यातला संपर्क ना धड डायोड, ना धड तार. गळका डायोड बहुतेक वेळा इथेच सापडतो.

६. ‘ओहमिक’ची व्याख्या काय मग? रोध शून्य हवा का?

नाही. व्याख्या कामापुरती आहे: जो प्रवाह वाहायचा आहे त्याला संपर्कावर पडणारं व्होल्टेज उरलेल्या उपकरणावर पडणाऱ्या व्होल्टेजपुढे नगण्य असलं की संपर्क ओहमिक. आलेख सरळ रेषेत असणं चांगलं, पण तेवढं पुरेसं नाही. सरळ रेषेतला दहा किलोओहमही सरळच असतो, आणि पॉवर डायोडखाली तो निरुपयोगी ठरतो.

७. मी एन-सिलिकॉनच्या तुकड्यावर अॅल्युमिनिअमचे दोन ठिपके टाकले. दोन्ही दिशांना सारखाच प्रवाह मिळतो. म्हणजे संपर्क ओहमिक झाला ना?

बहुधा नाही. दोन्ही ठिपके डायोड असतील तर ते पाठीला पाठ लावून जोडल्यासारखे असतात. व्होल्टेज कुठल्याही दिशेने दिलं तरी एक उलटा राहतो आणि प्रवाह तोच अडवतो. साहजिकच आलेख दोन्हीकडे सारखा येतो. नुसत्या सममितीवर विश्वास ठेवू नका, आकार पाहा.

आकड्यांत: प्रत्येक ठिपका एक चौरस मिलिमीटरचा, डोपिंग १०¹⁶. प्रश्न ३ मधला `J0` ०.०१ चौरस सेंटिमीटरने गुणला की उलट प्रवाह येतो सुमारे ०.१७ मायक्रोअँपिअर. म्हणजे व्होल्टेज अर्ध्या व्होल्टवरून पाच व्होल्टवर नेलं तरी प्रवाह मायक्रोअँपिअरच्या अंशातच रेंगाळेल. आलेख आडव्या ताणलेल्या इंग्रजी S सारखा दिसेल. शून्याजवळ दोन्ही मिळून रोध सुमारे तीन लाख ओहम. संपर्क खरोखर ओहमिक असते तर याच तुकड्यात फक्त सिलिकॉनचा रोध दिसला असता, फार तर काही दहा ओहम.

मल्टिमीटरवर झटपट खूण अशी: रोध मोजताना रेंज बदलली आणि आकडा बदलला, तर संपर्क ओहमिक नाही. प्रत्येक रेंजला मीटर वेगळा प्रवाह पाठवतो, आणि वक्र आलेखावर त्याला प्रत्येक वेळी वेगळा रोध दिसतो. तुकड्यावर टॉर्चचा उजेड पाडून आकडा हलतो का हेही बघा. डिप्लेशन थर असेल तर बहुधा हलतो.

८. तोच अॅल्युमिनिअम पी-सिलिकॉनवर मात्र सहज ओहमिक होतो. असं का?

दोन कारणं आहेत. एक, एन-बाजूला बॅरिअर उंच म्हणजे पी-बाजूला होलसाठी तो बुटका; दोन्हींची बेरीज ढोबळमानाने सिलिकॉनच्या १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या ऊर्जाफटीच्या आसपास असते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: अॅल्युमिनिअम स्वतःच सिलिकॉनमधलं पी-प्रकारचं डोपिंग आहे. दोघे मिळून ५७७ अंश सेल्सिअसला वितळतात. त्याच्या वर नेऊन थंड केलं की सीमेवर पुन्हा जमणाऱ्या सिलिकॉनमध्ये अॅल्युमिनिअम अडकतं आणि जोरदार पी-डोपिंगचा थर आपोआप तयार होतो. नेहमीच्या सिलिकॉन सौरघटाच्या मागच्या बाजूला अॅल्युमिनिअमची पेस्ट लावून भट्टीतून काढतात, तेव्हा हेच घडतं.

यातून एक चतुर रचना निघाली. 74LS जातीच्या लॉजिक चिपांमध्ये ट्रान्झिस्टरच्या पी-बेसवरचा धातूचा संपर्क थोडा पुढे वाढवून हलक्या डोपिंगच्या एन-कलेक्टरवरही टेकवलेला असतो. बेसवर तो ओहमिक, कलेक्टरवर शॉटकी डायोड. हा डायोड ट्रान्झिस्टरला खोल सॅच्युरेशनमध्ये जाऊ देत नाही, आणि चिप वेगाने बंद होते. एकाच पट्टीची दोन टोकं, दोन वेगळी कामं.

९. अॅल्युमिनिअमचा संपर्क गरम करून ‘पक्का’ का करतात? आणि जास्त गरम केलं तर?

हवेत ठेवलेल्या सिलिकॉनवर एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइड असतोच. धातू बसवण्याआधी विरळ हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवून तो काढतात, तरी थोडा उरतो किंवा परत येतो. ४०० ते ४५० अंशांना ठेवलं की अॅल्युमिनिअम हा उरलेला ऑक्साइड खाऊन टाकतं आणि खरा स्पर्श होतो.

पण याच तापमानाला सिलिकॉन थोडं थोडं अॅल्युमिनिअममध्ये विरघळतं, तेही सगळीकडे सारखं नाही. जिथे जास्त विरघळतं तिथे अॅल्युमिनिअमचे खिळे खाली शिरतात आणि उथळ पीएन जोड भेदून शॉर्ट करतात. त्यावर जुना तोडगा म्हणजे अॅल्युमिनिअममध्ये आधीच एक टक्का सिलिकॉन मिसळणं. त्याचीही किंमत मोजावी लागते: थंड होताना हे जादा सिलिकॉन सीमेवर कणांच्या रूपाने बाहेर पडतं, आणि त्यात अॅल्युमिनिअमचं पी-डोपिंग असतं. लहान एन-संपर्कावर असे कण बसले की रोध चढतो. म्हणून पुढे मधे टायटॅनिअम नायट्रायडसारखा आड थर घालण्याची पद्धत आली.

१०. शॉटकी डायोडचा फॉरवर्ड ड्रॉप कमी, मग सगळीकडे तोच का वापरत नाहीत?

कारण कमी ड्रॉप आणि जास्त गळती ही एकाच `J0` ची दोन रूपं आहेत. `J0` मोठा असल्यामुळे तेवढाच प्रवाह कमी व्होल्टेजला मिळतो, आणि तोच `J0` उलट दिशेने गळतो. डेटाशीट शेजारी ठेवून बघा. 1N5819 चा ड्रॉप एक अँपिअरला जास्तीत जास्त ०.६ व्होल्ट, 1N4007 चा १.१. पण पूर्ण उलट व्होल्टेजला 1N5819 ची गळती २५ अंशांना १ मिलिअँपिअरपर्यंत चालते आणि १०० अंशांना १० पर्यंत. 1N4007 ची २५ अंशांना फक्त ५ मायक्रोअँपिअर. तेही 1N5819 चं पूर्ण व्होल्टेज अवघं ४० आणि 1N4007 चं १००० असताना.

त्यात भर म्हणजे शॉटकीची गळती उलट व्होल्टेजबरोबर हळूहळू वाढते. प्रश्न ३ मध्ये धातूकडचा चढ स्थिर आहे असं म्हटलं ते जवळपास खरं आहे, पूर्ण नाही. इलेक्ट्रॉन धातूबाहेर पडताना त्याचाच प्रतिमा-प्रभार त्याला मागे ओढतो, आणि विद्युतक्षेत्राबरोबर या परिणामाने चढाचा माथा किंचित खाली येतो. किंचितच, पण आकडा घातांकात आहे. शॉटकीचा खरा फायदा वेगात आहे: यात साठलेले होल काढून टाकण्याचा वेळ जात नाही, म्हणून स्विचिंग सप्लायमध्ये तो हवाच.

११. आत अर्ध्या व्होल्टचा चढ आहे, तर व्होल्टमीटरवर तो का दिसत नाही?

कारण मीटर फर्मी पातळीतला फरक मोजतो, आणि समतोलात ती सगळीकडे सारखी असते. मीटरच्या तारा दुसऱ्या टोकाला टेकतात तिथेही संपर्क-विभव तयार होतं. पूर्ण फेरीत सगळ्यांची बेरीज शून्य होते.

१२. प्रवाहावरून काढलेली उंची आणि कपॅसिटन्सवरून काढलेली उंची जुळत नाहीत. कुठली खरी?

दोन्ही, आपापल्या अर्थाने. `1/C²` विरुद्ध व्होल्टेजची रेषा पूर्ण क्षेत्रफळाची सरासरी उंची देते. प्रवाह मात्र जिथे बॅरिअर बुटका आहे तिथून जास्त वाहतो, म्हणून प्रवाहावरून काढलेली उंची नेहमी कमीकडे झुकते. काही शतांशांचा फरक सहज पडतो, त्याची काळजी नको. फरक ०.२ किंवा जास्त असेल तर सीमा अस्वच्छ आहे किंवा मधे ऑक्साइड राहिला आहे असं समजावं. त्या वेळी सूत्रातल्या `qV/kT` च्या जागी `qV/nkT` घालून `n` काढा. चांगल्या संपर्काला तो १.०२ ते १.१ असतो. १.५ च्या वर गेला की त्या आलेखातून काढलेल्या उंचीला फारसा अर्थ उरत नाही.

१३. सिलिकॉन सोडून इतर अर्धवाहकांतही हेच नियम चालतात का?

तत्त्व तेच, पण पिनिंगची जागा बदलते आणि त्याने सगळं बदलतं. जर्मेनिअममध्ये फर्मी पातळी व्हॅलन्स पट्ट्याजवळ अडकते, म्हणून पी-जर्मेनिअमवर ओहमिक संपर्क सोपा आणि एन-जर्मेनिअमवर डोकेदुखी. गॅलिअम आर्सेनाइडच्या एन-प्रकारावर जवळपास कुठलाही धातू सुमारे ०.८ चा बॅरिअर देतो. तिथे सोनं-जर्मेनिअम-निकेलचा मिश्रधातू तापवून जर्मेनिअम आत शिरवतात आणि प्रश्न ५ चीच युक्ती साधतात. इंडिअम आर्सेनाइड हा सुखद अपवाद: त्यात फर्मी पातळी थेट कंडक्शन पट्ट्याच्या आत अडकते, त्यामुळे एन-प्रकारावर धातू नुसता टेकवला तरी संपर्क ओहमिक होतो.

आणि जिथून हा विषय सुरू झाला ते गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड. धातूचं टोक टेकवल्यावर अशा सल्फाइडांत प्रवाह एका दिशेने जास्त जातो हे ब्राउन यांनी १८७४ मध्ये नोंदवलं, आणि जगदीशचंद्र बोस यांना गॅलेना डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं. तेव्हा बॅरिअर ही कल्पनाही नव्हती.

१४. माझा संपर्क खोलीत ओहमिक आहे, पण द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला की प्रवाहच जात नाही. असं होऊ शकतं?

होतं, आणि त्यावरूनच कळतं की संपर्क कुठल्या कारणाने ओहमिक होता. बॅरिअर बुटका असल्यामुळे तो ओहमिक दिसत असेल, तर इलेक्ट्रॉन उष्णतेच्या बळावर तो चढत होते. एर्बियम सिलिसाइडसारखा ०.३ च्या आसपासचा बॅरिअर घ्या. ३०० केल्व्हिनला `J0` सुमारे ९० अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे संपर्काचा अडथळा जाणवतही नाही. ७७ केल्व्हिनला त्याच सूत्राने तो १०⁻¹⁴ च्या घरात जातो, म्हणजे संपर्क तुटल्यासारखाच. जोरदार डोपिंगने पातळ केलेला बॅरिअर असेल तर टनेलिंगला उष्णता लागत नाही, आणि ७७ केल्व्हिनलाही रोध फारसा बदलत नाही. थंड तापमानात मोजमाप करायचं असेल तर धातू बदलत बसण्यापेक्षा संपर्काखाली डोपिंग वाढवा.